कापलेला केस उलटतो तेव्हा

गुप्तांगाजवळचे केस रेझरने काढले की पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र तिथे लालसर, खाजणाऱ्या पुटकुळ्या दिसू लागतात. कुणाला वाटते अस्वच्छता झाली, कुणाला वाटते अंगात उष्णता वाढली. खरे कारण बहुतेक वेळा कापलेल्या केसाच्या टोकात असते.

या भागातले केस जाड आणि कुरळे असतात. ब्लेडने तिरपा कापलेला केस टोकाला अणकुचीदार होतो आणि वाढताना वळून पुन्हा कातडीत घुसतो. तीन-चार पात्यांच्या रेझरने किंवा कातडी ताणून दाढी केल्यासारखे केस काढले, तर कापलेले टोक कातडीच्या पातळीखाली जाते आणि बाहेर येण्याआधीच आतल्या आत बाजूला रुतते. शरीराच्या दृष्टीने तो काट्यासारखाच परका. म्हणून तिथे सूज येते, खाज सुटते. या टप्प्यावर जंतूंचा संबंध असेलच असे नाही.

एक उदाहरण घेऊ. लग्नाला जायचे म्हणून एका तरुणीने शुक्रवारी रात्री घाईघाईत, नुसत्या पाण्यावर, महिनाभर वापरलेल्या रेझरने उलट दिशेने केस काढले. रविवारी पुटकुळ्या आल्या. सोमवारी घट्ट जीन्स घालून ती दिवसभर बसली, रात्री एक पुटकुळी दाबून फोडली आणि राहिलेले खुंट पुन्हा रेझर फिरवून साफ केले. या शेवटच्या दोन गोष्टींनी दुखणे वाढवले. दाबल्याने रुतलेला केस आणखी खोल जातो, नखातले जंतू आत शिरतात. पुन्हा रेझर फिरवला की नवी अणकुचीदार टोके तयार होतात.

तिने करायला हवे होते ते सोपे आहे: रेझर बाजूला ठेवायचा आणि केस वाढू द्यायचे. केस थोडा लांब झाला की वळलेले टोक बहुधा आपणच सुटून बाहेर येते. पुटकुळ्या पूर्ण बसायला काही आठवडे लागू शकतात. तोवर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे ठेवावे आणि सैल सुती कपडे घालावेत. केसाची कमान कातडीवर स्पष्ट दिसत असेल, तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याच्या टोकाने ती अलगद उचलून मोकळी करावी. केस उपटू मात्र नये. नवा केस पुन्हा आतच वळू शकतो. दिसत नसेल तर कोरत बसू नये. लिंबू, टूथपेस्ट, आफ्टरशेव्ह यांनी आधीच सोललेली कातडी भाजते.

औषधाच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ म्हणून मिळणाऱ्या ट्यूबचा धोका तर वेगळाच. त्यांतल्या अनेकांमध्ये तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असते. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून माणूस लावत राहतो. जांघेतली कातडी त्याने पातळ होते, पांढुरके ओरखडे कायमचे राहतात, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते ओळखू न येता पसरते.

ज्यांना केस कमी करायचेच आहेत त्यांच्यासाठी ट्रिमर सर्वांत सुरक्षित, कारण एक-दोन मिलिमीटर खुंट राहिला की तो आत वळत नाही. स्वच्छतेसाठी केस पूर्ण काढण्याची वैद्यकीय गरज नाही; शस्त्रक्रियेआधीसुद्धा रेझर वापरू नये, अगदीच लागले तर क्लिपर वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितले आहे. तरीही रेझरच हवा असेल, तर आधी केस कात्रीने छोटे करावेत. आंघोळीच्या शेवटी, केस मऊ झाल्यावर, जेल लावून एका पात्याचा नवा रेझर केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. कातडी ताणू नये. दुसऱ्याचा रेझर तर कधीच वापरू नये; बारीक जखमांतून रक्तातले आजार पसरू शकतात.

आता संसर्ग कसा ओळखावा? साधी पुटकुळी खाजते, थोडी हुळहुळते आणि हळूहळू बसते. संसर्ग झाला की ती ठणकू लागते, भोवतालची कातडी गरम लागते, गाठ मोठी होते, पू येतो, कधी जांघेत अवधाण येते. लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी. लाली रेघेबाहेर सरकली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पू साठला असेल तर डॉक्टर निर्जंतुक चीर देऊन तो काढतात. घरी सुई टोचू नये. ताप, थंडी वाजणे, दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, कातडी जांभळी-काळी पडणे, ही लक्षणे दिसली की थेट रुग्णालय गाठावे. मधुमेह असेल तर विशेषच, कारण तिथला संसर्ग काही तासांत खोलवर पसरू शकतो.

पाण्याने भरलेल्या दुखऱ्या फोडांचा घोळका, न दुखणारा व्रण, मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे दाणे, हे केसाचे दुखणे नव्हे. तेही तपासून घ्यावे, आणि तोवर तिथे रेझर फिरवू नये, कारण त्या दाण्यांचा विषाणू पात्याबरोबर पुढच्या कातडीवर जातो.