पंधरा मुली, पस्तीस त्रिकुटं

शाळेतल्या पंधरा मुली रोज फिरायला जातात. तिघी-तिघींच्या पाच रांगा करायच्या. आठवडाभरात, म्हणजे सात दिवसांत, कोणत्याही दोघी एकाच रांगेत दोनदा येता कामा नयेत. १८५० साली इंग्लंडमधल्या एका वार्षिकात थॉमस किर्कमन यांनी हे कोडं घातलं. ते लँकेशायरमधल्या क्रॉफ्ट गावचे पाद्री होते आणि उरलेल्या वेळात गणितात रमत.

हिशेब अगदी काठोकाठ जुळतो. प्रत्येक मुलीला चौदा मैत्रिणी आहेत, रोज तिच्या रांगेत दोघी येतात, म्हणजे सात दिवसांत प्रत्येकीशी गाठ पडायलाच हवी. एकूण रांगा पस्तीस. प्रश्न एवढाच की ही पस्तीस त्रिकुटं शोधायची कुठून?

मुलींना नावांऐवजी ० आणि १ यांच्या चार-चार अंकी खुणा देऊन पाहू. अशा खुणा सोळा होतात. त्यांतली 0000 बाजूला ठेवली की उरतात पंधरा, बरोबर मुलींइतक्या. आता बेरीज ठरवायची. ती आपल्याला सम-विषमाच्या नियमामुळे लहानपणापासून ठाऊक आहे: सम आणि विषम मिळून विषम, विषम आणि विषम मिळून सम. ० म्हणजे सम आणि १ म्हणजे विषम धरलं की १ अधिक १ बरोबर ०, आणि हातचा काही नाही. दोनच संख्यांचं हे जग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चारही क्रियांना पुरं पडतं. गणितात अशा जगाला सांत क्षेत्र म्हणतात.

त्रिकुटाचा नियम आता एका वाक्यात सांगता येतो: दोघींच्या खुणांची बेरीज करा, जी खूण येईल ती तिसरी. 0110 आणि 1011 यांची अंकवार बेरीज 1101. या तिघींपैकी कोणत्याही दोघी घेतल्या तरी बेरीज तिसरीच येते, म्हणून हे त्रिकूट पक्कं. त्यात 0000 मिळवलं की चार खुणांचा असा गट होतो की आतल्या आत कितीही बेरजा केल्या तरी उत्तर गटाबाहेर जात नाही. हाच द्विमितीय उपअवकाश.

असे उपअवकाश किती? पहिली मुलगी पंधरा प्रकारे निवडता येते, दुसरी चौदा प्रकारे. गुणाकार २१०. पण एकच त्रिकूट यात अनेकदा मोजलं गेलं आहे: त्याच्या तिघींपैकी पहिली कोणतीही, मग उरलेल्या दोघींपैकी कोणतीही, म्हणजे सहा वेळा. २१० भागिले ६ बरोबर ३५. किर्कमनना हव्या होत्या तेवढ्याच रांगा, आणि कोणत्याही दोघी नेमक्या एकाच त्रिकुटात.

उपअवकाश मोजण्याची सगळी पद्धत या भागाकारात आहे. आधी क्रमाने निवडीचे प्रकार मोजायचे, मग एकाच गटातून तशा किती निवडी होतात तेवढ्याने भागायचं.

आता समजा, मुलींनी आपापसांत खुणा बदलल्या. पंधरा खुणांची अदलाबदल एक लाख तीस हजार कोटींहून अधिक प्रकारे होते. त्यांतल्या किती अशा की पस्तीसही त्रिकुटं जशीच्या तशी त्रिकुटंच राहतील? त्यासाठी बेरजा शाबूत राहायला हव्यात. बेरजा शाबूत राहणार असतील तर 1000, 0100, 0010 आणि 0001 या चौघींना कोणत्या नव्या खुणा मिळाल्या, एवढं सांगितलं की पुरे. बाकी अकरा जणींचं काय होणार ते बेरजेतून आपोआप ठरतं. या चार नव्या खुणा एकाखाली एक लिहिल्या की ० आणि १ यांची चार बाय चारची मॅट्रिक्स तयार होते.

पण कोणतीही मॅट्रिक्स चालत नाही. समजा तिच्या ओळी अशा आहेत:

```
1 0 0 0
0 1 0 0
1 1 0 0
0 0 0 1
```

तीन वेगवेगळ्या ओळी घेतल्या आणि चौथीही निराळी, तरी घोटाळा झालाच. 1110 या मुलीची नवी खूण पहिल्या तीन ओळींची बेरीज, आणि ती निघते 0000. मुलगीच गायब झाली. मूळ खुणा परत मिळवायला वाट उरली नाही. तिसरी ओळ पहिल्या दोघींची बेरीज आहे, हे त्याचं कारण. मोजताना नवख्याचा पाय हमखास इथेच घसरतो. ‘आधीच्यांपेक्षा वेगळी’ एवढी अट पुरत नाही, नवी ओळ आधीच्या ओळींच्या कोणत्याही बेरजेतून निघता कामा नये.

म्हणून पहिल्या ओळीला १५ पर्याय, दुसरीला १४. तिसरीसाठी सोळांतून चार वगळायचे: शून्य, पहिली, दुसरी आणि त्या दोघींची बेरीज. उरले १२. चौथीसाठी तिन्ही ओळींच्या बेरजांतून निघणाऱ्या आठ खुणा बाद, म्हणून ८. गुणाकार २०,१६०. ० आणि १ यांच्या चार बाय चारच्या सर्व मॅट्रिक्स ६५,५३६ आहेत, त्यांत उलटवता येणाऱ्या एवढ्याच, शेकडा एकतीसहून किंचित कमी. आकार वाढवत नेला तरी हे प्रमाण शून्यावर येत नाही, शेकडा २८.९ च्या जवळ स्थिरावतं. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण नेहमीच्या दशांश संख्या मनाला येतील तशा घेतल्या तर मॅट्रिक्स न उलटवता येणारी निघणं हा विरळा अपघात असतो. इथे मात्र दहांतल्या सात फसतात.

किर्कमनचं कोडं मात्र एवढ्याने सुटत नाही. मोजणीने पस्तीस त्रिकुटं हाती दिली, वेळापत्रक दिलं नाही. एका दिवसासाठी पाच त्रिकुटं अशी लागतात की पंधराही जणी एकेकदाच येतील. त्यातला एक दिवस असा: 0100, 1000, 1100, मग 0001, 0010, 0011, मग 0101, 1010, 1111, मग 0110, 1011, 1101, आणि शेवटी 0111, 1001, 1110. वाचकाने पेन्सिल घेऊन प्रत्येक रांगेची बेरीज तपासावी. पस्तीस त्रिकुटांचे असे सात दिवस पाडता येतात, पण त्यासाठी मोजणीपलीकडची मांडणी शोधावी लागते.

०, १, २ अशा तीन संख्यांच्या क्षेत्रात हेच काम जास्त सोपं होतं. तिथे तीनने भागून उरलेली बाकी हेच उत्तर, म्हणजे २ अधिक २ बरोबर १. या वेळी मुली नऊ, खुणा दोन अंकी, आणि 00 हीसुद्धा एक मुलगीच. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्या ओळीला आठ पर्याय. दुसरीसाठी शून्य आणि पहिली वगळून सात म्हणावेसे वाटतात, पण पहिलीची दुप्पटही बाद होते, कारण इथे २ ही वेगळी संख्या आहे. म्हणून सहा, आणि गुणाकार ४८. पडताळा निश्चयकाने घेता येतो. एकूण ८१ मॅट्रिक्स. निश्चयक शून्य यायला कर्णांवरचे दोन गुणाकार सारखे हवेत. दोन संख्यांचा गुणाकार ० येण्याचे पाच प्रकार, १ येण्याचे दोन, २ येण्याचे दोन. २५ अधिक ४ अधिक ४ बरोबर ३३, आणि ८१ वजा ३३ बरोबर ४८.

एकमितीय उपअवकाश इथे चार: शून्याखेरीजच्या आठ खुणा, प्रत्येक उपअवकाशात त्यांतल्या दोन. प्रत्येक उपअवकाश म्हणजे शून्यासकट तिघींची एक रांग, आणि तीच रांग सरकवली की आणखी दोन रांगा मिळून नऊही जणी येतात. तीन बाय तीनच्या चौकटीत नऊ जणी उभ्या करा: पहिल्या दिवशी आडव्या रांगा, दुसऱ्या दिवशी उभ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दोन बाजूंच्या तिरक्या, कडेला पोचली की पलीकडून आत येणाऱ्या. चार उपअवकाश, चार दिवस, बारा रांगा, आणि प्रत्येकीची उरलेल्या आठही जणींशी एकेकदा भेट.