रेषा वक्राला किती ठिकाणी छेदते?

एक सरळ रेषा आणि एक वक्र कागदावर काढले असता ती रेषा त्या वक्राला किती ठिकाणी छेदते, हा प्रश्न वरकरणी नुसत्या पाहण्याने सुटावा असा वाटतो. परंतु कागदाला कडा असतात आणि पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. रेषा वक्राला केवळ स्पर्श करते की अगदी जवळच्या दोन बिंदूंत छेदते, हे डोळ्यांना निश्चित सांगता येत नाही. कागदाच्या कडेपलीकडे आणखी एखादा छेदनबिंदू दडलेला आहे काय, हे तर मुळीच सांगता येत नाही. अशा वेळी बीजगणिताचा आधार घ्यावा लागतो. मात्र तो आधारही डोळे मिटून घेतल्यास फसवा ठरू शकतो.

दोन बहुपदींच्या भागाकाराने जे फलन तयार होते त्यास परिमेय फलन म्हणतात. उदाहरणार्थ, पुढील फलन घेऊ:

y = (x² + 3)/(x − 1)

येथे x = 1 असता छेद शून्य होतो, म्हणून त्या ठिकाणी फलनाला मूल्यच नाही. त्यामुळे आलेखाचे दोन तुकडे पडतात; एक x = 1 या उभ्या रेषेच्या उजवीकडे, दुसरा डावीकडे. भागाकार करून पाहिल्यास हेच फलन y = x + 1 + 4/(x − 1) असे लिहिता येते. x चे मूल्य धन वा ऋण दिशेने फार मोठे झाले की शेवटचे पद नगण्य होते आणि वक्र y = x + 1 या रेषेच्या अधिकाधिक जवळ जातो. या रेषेला वक्राची अनंतस्पर्शी रेषा म्हणतात.

प्रथम y = k या आडव्या रेषेचा विचार करू. छेदनबिंदूवर दोहोंचे y समान असते, म्हणून x² + 3 = k(x − 1), म्हणजेच

x² − kx + (k + 3) = 0

हे वर्गसमीकरण मिळते. ax² + bx + c = 0 या समीकरणाची मुळे शोधण्याची एक रीत श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. ती रीत पुढे भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात उद्धृत केल्यामुळे टिकली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंस 4a ने गुणून, त्यांत b² मिळवावे, म्हणजे डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो:

(2ax + b)² = b² − 4ac

उजवीकडील राशीला विवेचक म्हणतात. ती धन असेल तर दोन वास्तव मुळे मिळतात, शून्य असेल तर एकच, आणि ऋण असेल तर एकही नाही. कारण वास्तव संख्येचा वर्ग कधीही ऋण नसतो.

वरील उदाहरणात विवेचक k² − 4k − 12, म्हणजे (k − 6)(k + 2) येतो. −2 आणि 6 यांच्या दरम्यान तो ऋण आहे, म्हणून त्या पट्ट्यातील कोणतीही आडवी रेषा वक्राला भेटत नाही. k = 6 असता रेषा (3, 6) येथे, आणि k = −2 असता (−1, −2) येथे वक्राला स्पर्श करते. त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली प्रत्येक आडवी रेषा वक्राला दोन ठिकाणी छेदते. आलेख न काढताही फलन कोणती मूल्ये कधीच घेत नाही, हे अशा रीतीने कळून येते.

आता (1, 0) या बिंदूतून जाणाऱ्या तिरप्या रेषा घेऊ. m हा चढ मानल्यास अशा रेषेचे समीकरण y = m(x − 1) होते. तिची वक्राशी सांगड घालून पदे एकत्र केली असता

(m − 1)x² − 2mx + (m − 3) = 0

असे समीकरण येते आणि त्याचा विवेचक 16m − 12 इतका निघतो. म्हणजे चढ 3/4 पेक्षा कमी असेल तर छेदनबिंदू नाही. बरोबर 3/4 असेल तर रेषा (−3, −3) येथे वक्राला स्पर्श करते. त्याहून अधिक असेल तर दोन छेदनबिंदू. येथे काम संपले असे वाटते. परंतु m = 1 घेऊन पाहावे. विवेचक 4 येतो, तो धन आहे, म्हणून छेदनबिंदू दोन असायला हवेत. प्रत्यक्षात समीकरण −2x − 2 = 0 एवढेच उरते. x = −1 हे त्याचे एकमेव मूळ आणि (−1, −2) हा एकमेव छेदनबिंदू.

विवेचक येथे चुकला, असे म्हणता येणार नाही. त्याला चुकीच्या ठिकाणी प्रश्न विचारला गेला. श्रीधराचार्यांच्या रीतीत प्रथम 4a ने गुणायचे असते, आणि a शून्य असता त्या गुणाकाराने समीकरणच पुसले जाते. मग दुसरा बिंदू गेला कोठे? m = 0.99 घेतल्यास मुळे सुमारे −1.02 आणि −197 येतात; m = 1.01 घेतल्यास सुमारे −0.98 आणि 203. चढ एकाजवळ जाऊ लागला की दुसरा छेदनबिंदू डावीकडे दूर दूर सरकतो, चढ बरोबर एक झाला की नाहीसा होतो आणि पुढे उजवीकडे तितक्याच दूरवरून परत येऊ लागतो. y = x − 1 ही रेषा अनंतस्पर्शी रेषेला समांतर असल्याने असे घडते. येथे रेषा वक्राला एकाच बिंदूत भेटते खरी, पण ती स्पर्शिका नव्हे. ती वक्राला आरपार छेदते. साध्या आलेखपत्रावर 0.99 आणि 1 या दोन्ही चढांच्या रेषांना एकेकच छेदनबिंदू दिसेल. एका बाबतीत ते खरे असेल, दुसऱ्या बाबतीत खोटे.

दुसरा धोका छेदाने गुणण्यातून उद्भवतो. y = (x² + 2x − 3)/(x − 1) हे फलन आणि y = 2x + 2 ही रेषा घ्या. छेदाने गुणल्यावर x² − 2x + 1 = 0 मिळते. विवेचक शून्य, मूळ x = 1; यावरून रेषा वक्राला स्पर्श करते, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण x = 1 येथे फलनाला मूल्यच नाही! अंश (x + 3)(x − 1) असल्यामुळे हा आलेख म्हणजे y = x + 3 ही रेषाच आहे, फक्त तिच्यातून (1, 4) हा बिंदू वगळलेला आहे; आणि दिलेली रेषा नेमकी त्या रिकाम्या जागेतून निघून जाते. छेदनबिंदू एकही नाही.

असे उपरे मूळ केव्हा येऊ शकते, हे आधीच ओळखता येते. छेद शून्य करणारे मूल्य नव्या समीकरणात घातले की छेदाने गुणलेली बाजू शून्य होते. ते मूल्य मूळ असेल तर अंशही तेथे शून्यच असला पाहिजे. पहिल्या उदाहरणात x = 1 असता अंश 4 होता, म्हणून तेथे ही भीती नव्हती.

या रीतीलाही सीमा आहे. छेदातच x² आला, तर तिरप्या रेषेसाठी समीकरण सामान्यतः तिसऱ्या घाताचे होते आणि b² − 4ac त्याविषयी काही सांगू शकत नाही. आडव्या रेषेसाठी मात्र, अंश दुसऱ्या घाताच्या वर जात नसेल तर, समीकरण वर्गसमीकरणाच्या पलीकडे जात नाही. तेथेही क्रम तोच राहतो: x² चा सहगुणक शून्य होतो काय हे आधी पाहावे, मग विवेचकाचे चिन्ह, आणि शेवटी आलेले मूळ छेदाला शून्य तर करीत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.