कॅमेरा कुणासाठी सरकतो?

हातातल्या कॅमेऱ्याने दृश्य खरं वाटतं, ट्रायपॉडने ते निर्जीव होतं आणि भावना दाखवायची तर कॅमेरा हळूहळू पुढे न्यायचा. लघुपट करणाऱ्यांत हे तिन्ही समज पक्के रुजलेत. एका प्रसंगावर ते तपासून पाहू. आई दवाखान्यात आहे. भावाने तिच्या पाटल्या परस्पर विकल्यात. बहीण घरी आली आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही.

दोघं चहा पिताहेत, भाऊ थापा मारतोय. इथे ट्रायपॉडच हवा, दोघंही एकाच चौकटीत. बहिणीची नजर कपाटाकडे जाते तसा भाऊ उठून मध्ये उभा राहतो आणि आपल्यालाही कपाट दिसेनासं होतं. कॅमेरा बाजूला सरकला, तर हे अडवणंच वाया जाईल. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बराचसा अशाच स्थिर, लांबच्या चौकटींत आहे. न्यायालयातली रखडपट्टी त्यामुळे प्रेक्षकालाही सोसावी लागते.

भाऊ बाहेर जातो, बहीण पाटल्यांचा डबा शोधू लागते. आता कॅमेरा हातात घ्या, कारण पुढे कुठे वळायचं हे तिचं तिलाच ठाऊक नाही. कॅमेऱ्याने किंचित उशिराने तिच्यामागे वळावं. खरेपणा त्या उशिरातून येतो. मुद्दाम हलवलेला कॅमेरा लगेच उघडा पडतो. टेलिलेन्सवर थरथर मोठी दिसते, म्हणून वाइड लेन्स लावून तिच्या जवळ राहावं. डबा रिकामा निघतो, ती थांबते, कॅमेराही थांबतो.

पुश-इन इथेच, तिच्या चेहऱ्यावर घ्यावा असं बहुतेकांना वाटेल. मला ते पटत नाही. रिकाम्या डब्याने सगळं सांगून झालेलं असतं. भाऊ परत आल्यावर ती एवढंच विचारते, “दादा, अजून चहा टाकू का?” तिला कळलंय, हे त्याला कळतं. पुश-इन त्याच्यावर हवा, आणि तोही तिच्या वाक्यासोबत सुरू होणारा नको. कपाकडे गेलेला त्याचा हात थबकला की ट्रॉली हलवायची.

झूम केलं तरी तेच, हाही गैरसमजच. कॅमेरा दोन मीटरवरून एक मीटरवर आला की चेहरा दुप्पट होतो, पण त्यामागे दोन मीटरवर असलेली भिंत जेमतेम एक तृतीयांशाने मोठी दिसते. माणूस घरापासून सुटा होतो. झूममध्ये दोन्ही सारखेच फुगतात. मात्र ट्रॉलीत अंतर सतत घटत असल्याने फोकस सुटतो. जमिनीवर टेपच्या खुणा लावून तालीम करावी आणि फोकस फिरवायला वेगळा माणूस ठेवावा.

याच शॉटचा एक स्थिर टेकही घेऊन ठेवावा. संकलनात दोन्ही आलटून पालटून लावून पाहावेत. स्थिर टेकमध्येही भावाला उमगलेलं तितकंच पोचत असेल, तर ट्रॉलीचा टेक खुशाल बाजूला ठेवावा.