बारा व्होल्टचे पाच कसे करावेत?

गेल्या टर्ममध्ये आमच्या हॉबी क्लबने आंतर-हाऊस क्रॉस-कंट्रीसाठी टायमर बनवला. एक ईएसपी ३२ बोर्ड, चार मोठ्या आकड्यांचा एलईडी डिस्प्ले आणि अंतिम रेषेवर प्रकाशकिरण तुटला की वेळ नोंदवणारा सेन्सर. प्रयोगशाळेत तो तासभर बिनचूक चालला. मैदानावर मात्र काही मिनिटांतच डिस्प्ले विझला, थोड्या वेळाने आपोआप पेटला आणि शून्यापासून मोजू लागला. शेवटी वेळ स्टॉपवॉचने घ्यावी लागली आणि माझ्याच हाऊसच्या मुलांनी मला आठवडाभर चिडवले.

दोष प्रोग्रामचा नव्हता, वीज देण्याच्या पद्धतीचा होता. बॅटरी १२ व्होल्टची, बोर्ड व डिस्प्लेला हवेत ५ व्होल्ट. मधे मी ७८०५ नावाची तीन पायांची चिप लावली होती. हा लिनिअर रेग्युलेटर. स्वस्त, जोडायला सोपा, पण त्याची रीत उधळपट्टीची: नको असलेले व्होल्ट तो उष्णता करून टाकून देतो. आमची मांडणी २५० मिलिअँपिअर घेत होती. म्हणजे चिपवर (१२ − ५) × ०.२५ = १.७५ वॅट उष्णता.

१.७५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण या चिपला उष्णताशोषक पत्रा लावला नाही, तर दर वॅटमागे तिचे आतले तापमान सुमारे ६५ अंशांनी चढते. प्रयोगशाळेत हवा २५ अंश, त्यावर ११४, म्हणजे १३९. सुरक्षित मर्यादा १२५ ची, तेव्हा तिथेही आम्ही चुकतच होतो. फक्त कळले नव्हते. मैदानावर नुकतीच चार्ज केलेली बॅटरी १२.८ व्होल्ट देत होती आणि ऊन ३८ अंशांचे. आता १.९५ वॅट, म्हणजे १२७ अंश वाढ, एकूण १६५. साधारण दीडशेच्या आसपास ही चिप स्वतःला बंद करते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. आमचा टायमर अगदी तसाच वागला होता. बोट लावून पाहायला गेलो आणि बोट भाजले, ती खरी पहिली खूण.

पत्रा लावला असता तर? उष्णतेचा प्रश्न नक्की सुटला असता. पण बॅटरीतून घेतलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग तरी पत्राच तापवत राहिला असता. म्हणून सरांनी बक कन्व्हर्टर वापरायला सांगितला.

बक कन्व्हर्टर जास्तीचे व्होल्ट जाळत नाही. आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो (आमच्या एलएम २५९६ मध्ये दीड लाख वेळा). चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद असताना कॉइल तीच ऊर्जा पुढे देते आणि कपॅसिटर चढउतार सपाट करतो. आमचे मॉड्यूल साधारण ८० टक्के ऊर्जा पुढे पोचवते असे धरा. बोर्डला हवेत १.२५ वॅट, तर बॅटरीतून सुमारे १.५६ वॅट, म्हणजे १३० मिलिअँपिअर. आधी २५० लागत होते. तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ टिकते.

इथे एक सावधगिरी. या मॉड्यूलवर छोटा स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज ठरते. आमचे नवे मॉड्यूल बॅटरीला जोडून मल्टिमीटर लावला तर ११ व्होल्ट! तसेच जोडले असते तर डिस्प्ले तिथेच गेला असता. आधी मीटर, मग स्क्रू फिरवून ५ व्होल्ट, मगच बोर्ड.

टायमर थंड राहिला, पण आता सेन्सरचे आकडे थरथरू लागले. कोणी धावत आले नसतानाही एकदा वेळ नोंदली गेली. स्विचच्या चालू-बंदमुळे ५ व्होल्टच्या तारेवर बारीक लहरी राहतात. डिस्प्लेला त्यांचे काही नाही, पण सेन्सर प्रकाशाचा बारीक फरक मोजतो, त्याला त्या जाणवतात. मग आम्ही सेन्सर बोर्डच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर हलवला. त्या पिनमागे बोर्डवरचाच एक लिनिअर रेग्युलेटर आहे. त्याला जेमतेम १.७ व्होल्टच उतरवायचे असतात, त्यामुळे तो फारसा तापत नाही आणि लहरीही बऱ्याच गाळतो. आकडे स्थिर झाले.

म्हणून ७८०५ ला मी टाकाऊ म्हणणार नाही. नुसता सेन्सर २० मिलिअँपिअरवर चालवायचा असता तर उष्णता झाली असती ०.१४ वॅट, म्हणजे जेमतेम नऊ अंश वाढ. तिथे मी आजही डोळे मिटून ७८०५ लावीन. आता नवे काही जोडायचे असले की मी आधी मल्टिमीटरने करंट मोजतो, त्याला उतरवायच्या व्होल्टने गुणतो, आणि उत्तर अर्ध्या वॅटच्या वर गेले की बक मॉड्यूलचा डबा उघडतो.