घसरगुंडीमागची बिट्टी

वहिनी, सोसायटीच्या बागेचा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. घसरगुंडीच्या मागे पिवळ्या फुलांचं जे झाड दिसतंय, ती बिट्टी आहे, म्हणजे पिवळी कण्हेर. तुमची चिमणी आता चालायला लागली आहे आणि हाती येईल ते तोंडात घालते, म्हणून लगेच लिहितेय.

खात्री करायची तर पानं बघा. अरुंद, लांब, चकचकीत असतात आणि फांदीवर एकेकटी येतात. लाल कण्हेरीला ती तीन-तीनच्या झुबक्यात येतात. विषारी तीही आहेच. बिट्टीचं पान तोडलं की पांढरा चीक निघतो. फळ हिरवं, किंचित तिकोनी असतं, पिकलं की काळं पडतं आणि खाली गळतं. आपण लहानपणी आतल्या कडक बियांनी खेळलोय, त्यामुळे हे झाड घातक वाटतच नाही. पण झाडाच्या सगळ्याच भागांत विष आहे आणि त्या कडक कवचाच्या आतला गर सर्वांत विषारी. गळलेलं मऊ फळ दीड वर्षाच्या मुलालाही चावता येतं, आणि मूल जितकं लहान तितकी थोडी मात्राही जास्त बाधते.

हे विष हृदयावर काम करतं. हृदयविकारावर देतात त्या डिगॉक्सिन औषधाच्याच जातकुळीतलं ते आहे. आधी तोंडाची आग, उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. मग नाडी मंदावते, ठोके चुकू लागतात. फसगत होते ती इथेच: उलट्या थांबल्या की घरच्यांना वाटतं, निभावलं. हृदयावरचा परिणाम मात्र काही तासांनीही दिसू शकतो, म्हणून डॉक्टर मुलाला ठेवून घेतात आणि पुन्हापुन्हा ईसीजी काढतात.

तिने कधी फळ चावलंच, तर तोंडातले तुकडे बोटाने काढा आणि ओल्या फडक्याने तोंड पुसा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, घशात अडकून श्वास कोंडण्याची भीती असते. त्रास दिसायची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत फळ आणि पानांची डहाळी घ्या, किती वाजता खाल्लं तेही सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबरही फोनमध्ये ठेवा.

झाड मुळासकट काढावं असं माझं मत आहे. शंकराला फुलं वाहणाऱ्यांना ते रुचणार नाही, पण खाली पडलेलं प्रत्येक फळ रोज कोण वेचणार? तोवर सकाळ-संध्याकाळ तिथे झाडलोट करायला माळीकाकांना सांगते. काढताना त्यांनी हातमोजे घालावेत, आणि फांद्या मात्र जाळू नयेत, धूरही बाधतो.