स्कूटरच्या मागे काय होतं?

गुहागरजवळ घरगुती होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंनी माहितीपत्रकासाठी फोटो पाठवला होता. कौलारू घर, जांभ्याच्या पायऱ्या, सारवलेलं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन आणि त्याला जवळजवळ खेटून उभी असलेली लाल स्कूटर. सोबत एकच ओळ होती : "तेवढी स्कूटर काढून टाका."

सगळी गोम त्या 'तेवढी'मध्ये आहे. पाटीवरची अक्षरं पुसली की खाली पाटी असते. फोटोतली स्कूटर पुसली की खाली काहीच नसतं, कारण तिच्या मागचं अंगण कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं. तिथे जे दिसायला हवं ते आम्ही एडिट करणारे आजूबाजूचे तुकडे आणून रचतो. क्लोन स्टॅम्पने शेजारचं सारवण उचलायचं, हीलिंग ब्रशने त्याचा उजेड जुळवायचा, आणि हे सगळं मूळ फोटोला हात न लावता वेगळ्या लेअरवर करायचं. म्हणून ग्राहकाला मंजुरीसाठी जो ईमेल जातो, त्यात 'काय काढलं' यापेक्षा 'तिथे काय घातलं' हे लिहिणं जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं मत आहे. माणसाची नजर नको असलेल्या वस्तूच्या जागी जाते, वस्तू दिसत नाही म्हणून खूश होते आणि परत फिरते. तिच्या जागी काय आलंय, हे कुणी पाहत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका जुन्या कामात विजेचा खांब काढला, आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवला, 'काम झालं, बघून घ्या' एवढंच लिहिलं. 'मस्त' असं उत्तर आलं. फ्लेक्स छापून लागल्यावर दिसलं की खांब गेला होता, पण त्याची लांबलचक सावली रस्त्यावर तशीच आडवी पडलेली होती. चूक माझीच होती, पण 'मस्त' म्हणणाऱ्यालाही ती दिसली नव्हती, कारण कुठे बघायचं हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून सावली, ओल्या फरशीतलं प्रतिबिंब आणि काचेतली छबी आधी शोधतो. शेवटी फोटोवर एक तात्पुरता लेअर टाकून कॉन्ट्रास्ट भलताच वाढवतो. चांगल्या उजेडात लपलेले ब्रशचे डाग आणि दोनदा उमटलेला तोच खडा त्यात लगेच उघडे पडतात.

स्कूटरकडे परत येतो. अंगण सोपं होतं. अडचण होती वृंदावनाची, कारण त्याच्या चौथऱ्याचा डावा खालचा कोपरा स्कूटरने पूर्ण झाकला होता. उजवा कोपरा दिसत होता, तोच उलटा करून डावीकडे लावावा हा पहिला मोह. पण ऊन डावीकडून येत होतं. उजवा कोपरा सावलीत होता, आणि तो तसाच उलटवला तर उन्हाच्या बाजूला काळोख आला असता. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नसतं, पण काहीतरी खटकलं असतं. म्हणून आकार उजव्या कोपऱ्याचा घेतला आणि उजेड वरच्या, उन्हातल्या भागावरून जुळवला.

मग ईमेल. सोबत दोन फाइली जोडल्या : `angan_1_adhi.jpg` आणि `angan_2_nantar.jpg`. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच चौकटीच्या. यातला 'आधी' म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला कच्चा फोटो नव्हे, आणि इथे बरेच जण घसरतात. रंग आणि उजेड आधीच सुधारून झालेला असतो. कच्चा फोटो 'आधी' म्हणून पाठवला की ग्राहकाला आकाश निळं झालेलं दिसतं, तो त्यावरच बोलतो आणि वस्तू बाजूला राहते. दोन्ही फोटोंत फरक फक्त स्कूटरचा हवा, म्हणजे एकामागून एक उघडले की तेवढीच जागा हलल्यासारखी दिसते. तिसरी फाइल वृंदावनाच्या कोपऱ्याची, पूर्ण आकारात कापलेली. मजकूर असा होता :

"नमस्कार काकू,
अंगणाच्या फोटोतली स्कूटर आणि तिची सावली काढली आहे. आधीचा आणि नंतरचा फोटो सोबत आहे. शक्यतो कॉम्प्युटरवर, नाहीतर मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवून बघा.
एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्कूटरमागचा वृंदावनाचा डावा कोपरा फोटोत नव्हता. तो मी उजव्या कोपऱ्यावरून अंदाजाने तयार केला आहे. तो जवळून दिसावा म्हणून तिसरा फोटो जोडला आहे. प्रत्यक्षात तिथे काही वेगळं असेल तर कळवा.
घरामागचा मोबाइल टॉवर तसाच ठेवला आहे. स्कूटर उद्या दुसरीकडे लावता येईल, टॉवर पाहुण्यांना आल्या आल्या दिसणारच.
कृपया शुक्रवार संध्याकाळपर्यंत 'मंजूर' किंवा नेमका बदल लिहून पाठवा. मंजुरीनंतर छपाईची फाइल तयार करेन. त्यानंतरच्या बदलाचा खर्च वेगळा येईल."

टॉवरबद्दल काकूंनी विचारलं नव्हतं, पण पुढचा फोन त्याबद्दलच येणार हे ठाऊक होतं. हलणारी वस्तू काढणं म्हणजे फोटोआधी अंगण झाडून घेण्यासारखंच. कायमची वस्तू काढली तर ती जाहिरात ग्राहकाची दिशाभूल करणारी ठरू शकते, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातींसाठी कारवाईची तरतूद आहे. वस्तू नुसती सरकवणंही अंगाशी येतं. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ आणले होते. त्यावरून मासिकाने ऐकलेले बोल आजही निघतात.

'मंजूर' हाच शब्द मागण्यामागेही कारण आहे. 'चालेल', 'छान', किंवा नुसता अंगठा यातून फोटो पाहिला की फक्त ईमेल पाहिला, ते कळत नाही. तारीख दिली नाही, तर छापखान्याचा माणूस माझ्याच मागे लागतो.

गुरुवारी उत्तर आलं. स्कूटर गेलेली काकूंना आवडली होती, टॉवरला त्यांची हरकत नव्हती. पण कोपरा चुकला होता. वृंदावनाला सिमेंटचा गिलावा केला त्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांनी तो ओला असतानाच खिळ्याने डाव्या कोपऱ्यावर साल कोरलं होतं. घरातले सगळे ते साल पाहतच मोठे झाले. माझ्या फोटोत तिथे गुळगुळीत, कोरी भिंत होती. स्कूटर मध्ये असल्यामुळे मला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता, आणि तिसरा फोटो जोडला नसता तर कदाचित त्यांच्याही ते लक्षात आलं नसतं.

मी त्यांना त्या कोपऱ्याचा फोटो मागितला. सकाळच्या उन्हात, पायरीवर बसून, पहिला फोटो जिथून काढला होता साधारण तिथूनच घ्या, असं सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला. दुसऱ्या दिवशी तो आला. अक्षरं स्वच्छ होती, ऊनही डावीकडूनच होतं, म्हणजे तो तुकडा फारशी ओढाताण न करता बसणार होता. फक्त फोटोच्या कडेला स्कूटरचं पुढचं चाक आलेलं होतं.