उन्हाळ कांदा चाळीत का सडतो?

कांद्याची सड बहुतेक वेळा मानेतून आत शिरते. म्हणून निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, आणि त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावं. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतातच सुकवायचा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. उघडा राहिला तर उन्हाने भाजतो. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. घाईत मुळाशी कापलेली मान म्हणजे बुरशीला उघडं दार! पुढे दहा-बारा दिवस सावलीत. चिमटीत मान ओली, मऊ लागली तर चाळीत भरू नका. डेंगळे आधीच विका, त्यांची जाड मान मिटतच नाही. कोंब फुटण्याचं कारण वेगळं: सुप्तावस्था संपलेली असते आणि पावसाळी गारवा मिळतो.